एका पानावर दहा ओळखपत्रं

(मुद्रक मित्रांच्या मासिक बैठकीतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, माझा विषय आहे कापल्यावर बॅज आपोआप क्रमाने कसे यावेत. पण त्याआधी एक रडगाणं ऐकावं लागेल. सुटका नाही, दार अध्यक्षांनी अडवलंय.

एका शाळेचं काम होतं, ४७३ मुलं. आपलं नेहमीचं ए-फोर पीव्हीसी शीट, छापा, फ्युजिंग करा, डायने कापा. कार्ड ८६ बाय ५४ मिलिमीटर, दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत पाच, म्हणजे शीटला दहा. आजवर मागच्या बाजूला सगळ्यांना एकच मजकूर असायचा: शाळेचा पत्ता आणि 'सापडल्यास परत करा'. (कुणी परत केल्याचं मी ऐकलेलं नाही.) त्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, मागे रक्तगट आणि पालकांचा मोबाइल टाका. टाकला.

कार्डं गेली आणि चौथ्या दिवशी एक आई दुकानात आली. "दादा, माझ्या मुलीच्या कार्डावर दुसऱ्याच कुणाचा नंबर आहे. मी लावून बघितला, ते गृहस्थ म्हणाले आमच्या मुलाच्या कार्डावर तुमचा आहे." मी यादी तपासली. यादी बरोबर. संगणकावरची पानंही बरोबर. मग आठवलं, शेवटचं कार्ड, ४७३ वं, मागून कोरं निघालं होतं. प्रिंटरने शीट चुकीचं ओढलं असेल म्हणून मी तेवढ्याचीच मागची बाजू पुन्हा छापून घेतली होती! पुरावा हातात आला होता आणि मीच तो दुरुस्त करून टाकला.

झालं होतं असं. पुढच्या बाजूला डावीकडे १, उजवीकडे २. मीही मागच्या पानावर डावीकडे १, उजवीकडे २ लावलं. पण शीट लांब कडेवर उलटलं की मागची डावी बाजू पुढच्या उजवीच्या पाठीशी येते. म्हणजे १ च्या मागे २ चा रक्तगट, २ च्या मागे १ चा. ३-४ ची तीच अदलाबदल. ४७३ ला जोडीदारच नव्हता, म्हणून त्याची पाठ रिकाम्या जागेमागे छापली गेली. पूर्ण शाळेत पहिल्या फटक्यात बरोबर निघाली ती फक्त एका जोडीत आलेल्या जुळ्या भावांची कार्डं, कारण त्यांचा फोनही एक आणि रक्तगटही एक. बाकी सगळं माझ्या खिशातून.

म्हणून मागच्या पानावर दोन्ही रांगांची अदलाबदल करायची: २ डावीकडे, १ उजवीकडे. समासही दोन्हीकडे सारखे हवेत. दोन कार्डं मिळून १७२, पान २१० चं, म्हणजे डावी-उजवीकडे एकोणीस-एकोणीस. डावीकडे १५ आणि उजवीकडे २३ ठेवलेत तर मागची बाजू आठ मिलिमीटर सरकलीच. आणि प्रिंट देताना 'Fit to page' वरून हात काढा, 'Actual size' ठेवा. आधी साध्या कागदावर दोन्ही बाजू छापायच्या, कार्ड क्रमांक १ च्या चार कोपऱ्यांत टाचणी टोचायची आणि उलटून बघायचं: भोकं कुणाच्या कोपऱ्यात निघतात? टाचणी खोटं बोलत नाही, ऑपरेटर बोलतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, मूळ विषय, पाच मिनिटांत.

समजा तेवढेच ४७३ बॅज आर्टकार्डवर आहेत आणि कटिंग मशीनवर थप्पीने कापायचे आहेत. दहाप्रमाणे ४८ शीट. ओळीने १ ते १० लावलेत तर कापल्यावर पहिल्या गठ्ठ्यात १, ११, २१ येतात आणि घरचे सगळे बसून क्रम लावतात. त्याऐवजी पहिल्या जागेवर १ ते ४८, दुसरीवर ४९ ते ९६, अशी यादी उभी उतरवा. थप्पी कापा, दहा गठ्ठे एकाखाली एक ठेवा, क्रम लागलेला. एक्सेलमध्ये अनुक्रमांक A मध्ये असेल तर शेजारच्या रकान्यात हे टाका आणि त्यावर चढत्या क्रमाने सॉर्ट करा:

```
=MOD(A2-1,48)*10+INT((A2-1)/48)+1
```

सॉर्ट करण्याआधी यादी ४८० पर्यंत न्या, ४७४ पासून सात ओळी नुसते क्रमांक घालून कोऱ्या. नाहीतर ४२ व्या शीटपासून सगळं एकेक घर सरकतं.

तोटाही सांगतो. सतरावं शीट खराब झालं तर त्यात १७, ६५, ११३ असे विखुरलेले लोक असतात. ते पुन्हा छापून सतराव्याच जागी घालायचं, थप्पीच्या वर ठेवलंत तर दहाही गठ्ठे बिघडतात. म्हणून मी शीटच्या समासात, कापून जाईल अशा जागी, शीटचा क्रमांक छापतो.

चहा आलाय. प्रश्न तिकडे विचारा.