दोन प्रतलं जिथे भेटतात ती रेषा, आणि तिच्यापासूनचं अंतर

आज एकच प्रश्न घेऊ आणि तो दोन वेगवेगळ्या वाटांनी सोडवू. अवकाशात दोन प्रतलं एकमेकांना छेदतात, त्यांची एक छेदनरेषा मिळते. बाहेर एक बिंदू Q आहे. त्या बिंदूपासून छेदनरेषेपर्यंतचं अंतर किती? आकडे हातानं सोडवता येतील असे घेतले आहेत, म्हणजे प्रत्येक पायरी वहीत करून बघता येईल.

पहिलं प्रतल x + 2y + 2z = 9, दुसरं 2x + y + 2z = 6, आणि बिंदू Q(6, 6, −1).

आधी रेषा शोधू. पहिल्या प्रतलाचा अभिलंब (1, 2, 2), दुसऱ्याचा (2, 1, 2). छेदनरेषा दोन्ही प्रतलांत आहे, म्हणून ती दोन्ही अभिलंबांना लंब असणार. दोघांना लंब असा सदिश देणारी क्रिया म्हणजे सदिश गुणाकार. तो केला की रेषेची दिशा मिळते (2, 2, −3). इथे थांबून एक छोटा पडताळा घ्या: या दिशेचा प्रत्येक अभिलंबाशी अदिश गुणाकार शून्य आला पाहिजे. 2 + 4 − 6 आणि 4 + 2 − 6, दोन्ही शून्य. सदिश गुणाकारात मधल्या घटकाचं चिन्ह हमखास चुकतं, आणि ही चूक या एका ओळीत पकडली जाते.

दिशा मिळाली, आता रेषेवरचा एखादा बिंदू हवा. समीकरणं दोन आणि अज्ञात तीन, म्हणून एका निर्देशकाला आपणच किंमत द्यायची. बहुतेक जण सवयीनं z = 0 ठेवतात. इथे ते चालतं: x + 2y = 9 आणि 2x + y = 6 यांतून x = 1, y = 4 मिळतात, म्हणजे A(1, 4, 0). पण दिशेचा z घटक शून्य असता, तर रेषा z = 0 या प्रतलाला समांतर गेली असती आणि समीकरणांना एकमेव उत्तर मिळालंच नसतं. म्हणून शून्य कोणाला करायचं हे दिशेकडे पाहून ठरवा: जो घटक चिन्ह सोडून सर्वांत मोठा, तोच निर्देशक शून्य करा. इथे −3 सर्वांत मोठा आहे, म्हणजे z ची निवड योग्य होती. हा नियम पाळला की भागाकार नेहमी त्यातल्या त्यात मोठ्या संख्येनं होतो आणि उत्तरातली त्रुटी फुगत नाही.

आता अंतर. A पासून Q कडे जाणारा सदिश (5, 2, −1). त्याचा दिशेशी सदिश गुणाकार (−4, 13, 6). या सदिशाच्या लांबीचा वर्ग 16 + 169 + 36, म्हणजे २२१. दिशेच्या लांबीचा वर्ग 4 + 4 + 9, म्हणजे १७. भागाकार १३, म्हणून अंतर √13, सुमारे ३.६१. यामागे समांतरभुज चौकोन आहे. सदिश गुणाकाराची लांबी म्हणजे AQ आणि दिशा यांवर उभ्या चौकोनाचं क्षेत्रफळ. पाया दिशेच्या लांबीएवढा असल्यामुळे क्षेत्रफळाला पायानं भागलं की उंची उरते, आणि उंची म्हणजेच आपलं लंबांतर.

लंबपाद हवा असेल तर AQ आणि दिशा यांचा अदिश गुणाकार १७ नं भागा: (10 + 4 + 3)/17 = 1. म्हणजे A पासून दिशेचं एक पाऊल पुढे, F(3, 6, −3). QF ची लांबी पुन्हा √13.

संगणकाकडून हे करून घेताना एक सूत्र टाळा. पायथागोरसनं |AQ|² मधून रेषेवरच्या प्रक्षेपाचा वर्ग वजा केला तरी अंतराचा वर्ग मिळतो, आणि कागदावर ते अगदी बरोबर आहे. पण A जर Q पासून दहा लाख एकक दूर असेल आणि खरं अंतर एकाचा हजारावा भाग असेल, तर दोन प्रचंड, जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते. वर्ग 10¹² च्या घरातला आणि उत्तर 10⁻⁶ च्या घरातलं. मध्ये अठरा दशमान स्थानांचं अंतर, आणि नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत पंधरा-सोळाच सार्थ अंक मावतात. उत्तर शून्य येईल, किंवा वर्गमुळाखाली ऋण संख्या येईल. सदिश गुणाकारानं किंवा आधी F काढून QF मोजल्यानं ही अडचण येत नाही.

आता दुसरी वाट, आणि मला ती जास्त आवडते, कारण तीत रेषेचं समीकरण लागतच नाही. Q पासून दोन्ही प्रतलांची अंतरं काढू. पहिल्यासाठी डावी बाजू वजा उजवी: 6 + 12 − 2 − 9 = 7. याला अभिलंबाच्या लांबीनं भागायचं, ती √(1 + 4 + 4) = 3, म्हणून 7/3. दुसऱ्यासाठी 12 + 6 − 2 − 6 = 10, अभिलंबाची लांबी पुन्हा 3, म्हणून 10/3. लांबीनं भागायचं राहून गेलं तर ७ हेच अंतर वाटतं. मग समीकरण दोननं गुणलं की अंतरही दुप्पट होतं! प्रतल जागचं हललेलं नसताना अंतर बदलत असेल, तर भागाकार राहिला आहे हे ओळखा.

या दोन अंतरांना s₁ आणि s₂ म्हणू. त्यांवरून रेषेपर्यंतचं अंतर कसं काढायचं? पायथागोरस लावला तर √(49/9 + 100/9), सुमारे ४.०७ येतं. खरं उत्तर ३.६१ आहे. पायथागोरस फक्त प्रतलं परस्परांना लंब असतील तेव्हाच चालतो, आणि इथे दोन अभिलंबांमधल्या कोनाची कोज्या 8/9 आहे, म्हणजे हा कोन θ सुमारे २७.३ अंश.

योग्य संबंध दिसायला छेदनरेषेच्या टोकाकडून, तिच्याच दिशेत बघा. रेषा एका बिंदूएवढी दिसेल, त्याला O म्हणू. प्रतलं O मधून जाणाऱ्या दोन सरळ रेषा दिसतील. Q पासून त्या दोघींवर लंब टाका, लंबपाद M आणि N. OMQ आणि ONQ हे दोन्ही कोन काटकोन आहेत, म्हणून M आणि N दोघेही OQ व्यास असलेल्या वर्तुळावर पडतात. हा व्यास म्हणजेच आपल्याला हवं असलेलं अंतर h. MN ही त्या वर्तुळाची जीवा, आणि जीवेची लांबी व्यास गुणिले तिनं परिघावर केलेल्या कोनाची ज्या, म्हणजे MN = h sin θ. तीच जीवा QMN या त्रिकोणात कोज्या नियमानंही मिळते, कारण QM आणि QN आपल्याला माहीत आहेत. दोन्ही जोडलं की:

h² = (s₁² + s₂² − 2 s₁ s₂ cos θ) / sin² θ

आपले आकडे घाला. अंशात 149/9 वजा 1120/81, म्हणजे 221/81. छेदात 1 − 64/81 = 17/81. भागाकार पुन्हा 221/17 = 13. पहिल्या वाटेवर क्षेत्रफळाचा वर्ग म्हणून आलेला २२१ आणि दिशेच्या लांबीच्या वर्गाचा १७ इथेही समोर येतात, हे मुद्दाम बघून ठेवा. दोन्ही वाटा एकाच त्रिकोणाकडे बघताहेत.

या सूत्रात s₁ आणि s₂ चिन्हांसकट घ्यायचे असतात. ‘अंतर’ म्हटलं की आपण लगेच केवल मूल्य घेतो, आणि इथेच घात होतो. Q ऐवजी (0, 9, −3) हा बिंदू घ्या. पहिल्या प्रतलासाठी 3/3, म्हणजे +1. दुसऱ्यासाठी −3/3, म्हणजे −1. चिन्हं ठेवली तर h² = 18, अंतर सुमारे ४.२४. चिन्हं पुसली तर h² = 18/17, अंतर सुमारे १.०३. चौपटीहून जास्त फरक! हा बिंदू दोन्ही प्रतलांपासून केवळ एक एकक दूर आहे, पण तो त्यांच्यातल्या अरुंद पाचरीत आहे. अरुंद पाचरीत दोन्ही बाजू जवळ असल्या तरी टोक लांब असतं. कोणतं चिन्ह धन मानायचं याची मात्र काळजी नको. एखादं समीकरण −1 नं गुणलं तर त्याचं s आणि cos θ ही दोन्ही चिन्हं एकदम बदलतात, गुणाकार तोच राहतो.

छेदातली sin² θ या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नाजूक जागा आहे. एक प्रतल जागच्या जागी ठेवून दुसरं स्वतःला समांतर १ मि.मी. सरकवलं, तर छेदनरेषा 1/sin θ मि.मी. सरकते. आपल्या उदाहरणात ते सुमारे २.२ मि.मी. होतं. कोन १ अंशाचा असेल तर ५७ मि.मी. आणि ०.१ अंशाचा असेल तर ५७३ मि.मी., म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त. मोजमापातली एका मिलिमीटरची चूक रेषेला तेवढी दूर नेते. यात सूत्राची चूक नाही. जवळजवळ समांतर प्रतलांना छेदनरेषेची जागा नीट ठाऊकच नसते, आणि कितीही अंक घेऊन हिशेब केला तरी मोजमापात नसलेली माहिती त्यातून निघत नाही.

इथे नेहमीचा पडताळाही फसवतो. मिळालेला बिंदू दोन्ही समीकरणांत घालून बघायचा आणि दोन्ही बाजू जुळल्या की समाधान मानायचं, ही सवय चांगली आहे. पण ०.१ अंशाच्या पाचरीत खऱ्या रेषेपासून अर्धा मीटर दूर असलेला बिंदूसुद्धा दोन्ही प्रतलांपासून एका मिलिमीटरच्या आत असू शकतो. समीकरणं जुळतील, रेषा मात्र चुकलेली असेल. म्हणून पडताळ्याच्या आधी sin θ बघा.

ती बघतानाही दोन्ही अभिलंब आधी एकक लांबीचे करून घ्या. तसं न करता सदिश गुणाकाराची लांबी ‘०.००१ पेक्षा लहान का’ असं विचारलं, तर एखाद्या समीकरणाला हजारानं भागलेलं असेल तेव्हा काटकोनात असलेली प्रतलंही समांतर ठरू शकतात. एकक अभिलंबांचा सदिश गुणाकार खरोखरच शून्य आला, तर रेषेचा प्रश्न संपतो. उरतो तो एवढाच, की एकक लांबीचे आणि एकाच दिशेचे अभिलंब करून घेतल्यावर उजवीकडच्या स्थिर संख्या सारख्या आहेत का. सारख्या असतील तर प्रतल एकच आहे. वेगळ्या असतील तर त्यांच्यातला फरक हेच दोन समांतर प्रतलांमधलं अंतर.