चष्मा काढला, तरी डोळे बारीकच का दिसतात?

नमस्कार मंडळी! हा फोटो बघा. काकूंचं तेव्हाचं वय पंचेचाळीस, चष्म्याचा नंबर मायनस पाच. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा सुटला. नातवंडांनी आजीला कधी चष्म्यात पाहिलेलंच नाही, म्हणून हा फोटो बिनचष्म्याचा हवाय.

फ्रेम पुसायच्या आधी इथे, कानशिलाजवळ झूम करूया. काचेच्या आत चेहऱ्याची कड एकदम आत सरकलीय, दिसतंय? मायनसची काच मागचं सगळं लहान दाखवते. या नंबराला डोळे साधारण सहा टक्के लहान दिसतात. नुसती फ्रेम पुसली तर डोळे बारीकच राहतात आणि घरचे म्हणतात, "आई काहीतरी वेगळी दिसतेय."

म्हणून फोटोशॉपमध्ये आधी डोळे. फ्रेमच्या जरा आतून पापण्यांसकट एकेक डोळा लॅसोने निवडायचा, कडा मऊ करायच्या, वेगळ्या लेयरवर घ्यायचा. मग Ctrl+T, आणि बाहुली जागची न हलवता आकार १०६ टक्के. कानशिलाची कड मात्र काचेच्या वरच्या आणि खालच्या खऱ्या कडेला जोडून नव्याने काढायची.

आता फ्रेम. इथे बहुतेक जण थेट हीलिंग ब्रश फिरवतात आणि काळी फ्रेम त्वचेत पसरून राखाडी डाग पडतो. हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग ओढून घेतो, म्हणून असं होतं. आधी रिकाम्या लेयरवर, Sample मध्ये Current & Below ठेवून, क्लोन स्टॅम्पने फ्रेम झाकायची. काळं संपलं की मग हीलिंग. गालावर पडलेली फ्रेमची सावली विसरू नका. ती राहिली तर चष्मा काढलाय हे लगेच कळतं.

नाकावर मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कपाळावरून नाकाच्या शेंड्याकडे उतरणारी उजेडाची रेघ फ्रेमने मधेच तोडली होती. प्रकाश डावीकडून आहे, म्हणून ती रेघही किंचित डावीकडेच जोडली. उजवी बाजू सावलीतच ठेवली. दोन्ही बाजू सारख्या उजळल्या की नाक चपटं दिसतं. चष्म्याच्या पॅडचे नाकावरचे वळ पुसले, त्वचेचा पोत तसाच ठेवला.

भुवयांचा वरचा भाग फ्रेमखाली गेला होता. काकूंच्या आत्ताच्या फोटोवरून आकार घेतला आणि दोन पिक्सेलच्या ब्रशने एकेक केस काढला. नाकाकडचे केस वर उभे असतात, पुढे ते कानशिलाकडे झुकतात.

उजव्या काचेवर हिरवी चकाकी होती, खालची पापणी गायबच. ती डाव्या डोळ्यावरून उलटी करून आणली, फक्त पापणी. अख्खा डोळा उलटा केला असता तर बुबुळातला प्रकाशाचा ठिपका चुकीच्या बाजूला गेला असता. दोन्ही डोळ्यांत तो डावीकडेच हवा, कारण खिडकी डावीकडे होती.