‘करण्यात आले’ काढा, प्रयोग दिसू लागेल

नमस्कार. कोकणातल्या शाळा-कॉलेजांतून विहिरीच्या पाण्यावर प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी आजचा व्हिडिओ आहे. खाडीकाठच्या वाडीत वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ लागतं, म्हणून मुलं त्यातलं क्लोराइड मोजतात. प्रयोग नीट होतो. अहवालात मात्र हे असं उतरतं:

[पडद्यावर]
“सदर नमुन्यापैकी ५० मिली इतक्या पाण्याचे मापन पिपेटच्या साहाय्याने करण्यात येऊन त्यामध्ये योग्य प्रमाणात पोटॅशियम क्रोमेट या दर्शकाची भर घालण्यात आली. तद्नंतर ब्युरेटच्या माध्यमातून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे मिश्रण करण्याची प्रक्रिया पार पाडण्यात आली असता रंगामध्ये बदल झाल्याचे निरीक्षण नोंदविण्यात आले.”

यातली क्रियापदं बघा. करण्यात येऊन, घालण्यात आली, पार पाडण्यात आली, नोंदविण्यात आले. हातांनी केलेलं काम यात कुठेच नाही. ते काम शेजारच्या नामात जाऊन बसलंय: मापन, भर, मिश्रण, निरीक्षण. म्हणून पेन्सिल घ्या, प्रत्येक ‘करण्यात आले’खाली रेघ मारा आणि तिच्या डावीकडचं नाम शोधा. त्या नामातली क्रिया बाहेर काढा, तिलाच क्रियापद करा. ‘मापन करण्यात आले’चं ‘मोजले’ होतं, ‘भर घालण्यात आली’चं ‘घातले’. नाम गेलं की त्याला चिकटलेले ‘च्या साहाय्याने’, ‘च्या माध्यमातून’ही गळतात, कारण ‘पिपेटने’ आणि ‘ब्युरेटमधून’ एवढं पुरतं.

मुलं विचारतात, “सर, अहवालात ‘मी’ लिहायचं नसतं ना? मग ‘करण्यात आले’ नको का?” नको. ‘पाणी घेतले’, ‘द्रावण घातले’ या वाक्यांत मी कुठे आहे? मराठीचा भूतकाळातला कर्मणी प्रयोग करणाऱ्याला न सांगता वाक्य पूर्ण करतो. क्रियापद पाण्यामागे जातं, द्रावणामागे जातं. ही सोय आपल्या भाषेत आधीच आहे.

आता तोच परिच्छेद:

[पडद्यावर]
“पिपेटने ५० मिली पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये घेतले. त्यात पोटॅशियम क्रोमेटचे १ मिली द्रावण घातले. ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडले व फ्लास्क सतत हलवला. पांढरा अवक्षेप आला. पिवळा रंग विटकरी होऊन हलवल्यावरही टिकला, तेव्हा ब्युरेटचे वाचन घेतले.”

लांबी कमी झाली, पण माहिती वाढली, हे लक्षात आलं का? ‘योग्य प्रमाणात’ पुसल्यावर तिथे खड्डा पडला आणि तो १ मिलीने भरावा लागला. ‘रंगामध्ये बदल’ गेल्यावर कोणत्या रंगाचा कोणता झाला, हे सांगावंच लागलं. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजायच्या या मोर पद्धतीत सगळा निकाल त्या विटकरी छटेवर असतो. जास्त थेंब पडले तर क्लोराइड फुगतं. त्यामुळे कुठे थांबलात ते वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. एखादं वाक्य छाटल्यावर हाती काहीच उरत नसेल, तर नोंदवहीत परत जा. तिथे काहीतरी लिहायचं राहून गेलंय.

सगळीच नामं मोडायची नाहीत. टायट्रेशन, बाष्पीभवन ही प्रक्रियांची नावं आहेत. ‘टायट्रेशन तीनदा केले’ हे वाक्य चोख आहे, त्याला हात लावू नका.

खरी काळजी निष्कर्षात घ्यायची. आपल्या उदाहरणात ब्युरेटचं वाचन २४.० मिली धरू, आणि ऊर्ध्वपातित पाण्यावर केलेल्या ब्लँकचं ०.२. वजा केल्यावर उरतात २३.८. त्यावरून क्लोराइड येतं लिटरला सुमारे ३३७ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकार्य मर्यादा २५० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. मुलं लिहितात:

[पडद्यावर]
“प्राप्त माहितीच्या आधारे असे निदर्शनास येते की, सदर विहिरीमध्ये खाडीच्या पाण्याचा शिरकाव झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.”

‘प्राप्त माहितीच्या आधारे’ आणि ‘असे निदर्शनास येते की’ सरळ पुसा. आकडा वरच दिलेला आहे. पण ‘शक्यता’ भरताड म्हणून उडवू नका, ती अर्थाचा भाग आहे. तिलाही क्रियापदात आणा:

[पडद्यावर]
“पाण्यात क्लोराइड लिटरला ३३७ मिलिग्रॅम आहे. विहिरीत खाडीचे पाणी झिरपले असावे.”

‘असावे’ राहू द्या. सांडपाणी मुरलं तरी क्लोराइड वाढतं, आणि हा एक आकडा त्या दोन कारणांत फरक करू शकत नाही. ‘असावे’पेक्षा ठाम लिहायचं असेल, तर खाडीपासून लांबच्या विहिरीचं पाणी याच पद्धतीने तपासा, हीच विहीर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, आणि ते आकडे शेजारी मांडा.