टाळीवर बसणारा गरबा

श्रोतेहो, नमस्कार. यंदाच्या नवरात्रात फेरात गाण्यासाठी मराठीत गरबा लिहिणार असाल, बडोद्यातल्या मराठी घरांत तर हा बेत होतोच, तर एक गोष्ट आधी पक्की करा: टाळी पडेल तिथे शब्दाचं पहिलं अक्षर आलं पाहिजे.

तीन टाळीच्या गरब्यात तीन टाळ्या पडतात, चौथा ठोका मोकळा राहतो. हींच तालात प्रत्येक ठोक्याला तीन मात्रा. म्हणजे ओळ बारा मात्रांची, तीन-तीनच्या चार तुकड्यांची. ‘आज रात माय येत’ म्हणून बघा. आ, रा, मा यांवर टाळी, ‘ये’ला हात मोकळे. पुढे ‘गडावरुन रे लोल’. या ‘रे लोल’ला अर्थ नाही, पण ते लांबवताना फेराला श्वास मिळतो. गाळू नका.

आता बडोद्याजवळच्या पावागडची कथा घ्या. नवरात्रात महाकाली बाईच्या रूपात गड उतरून चांपानेरला गरब्यात नाचायला आली. राजा पताई रावळ भुलला आणि त्यानं तिचा पदर धरला. देवी म्हणाली, दुसरं काहीही माग, पण पदर सोड. त्यानं सोडला नाही. तिनं शाप दिला, राज्य बुडालं. इतिहासात चांपानेर गुजरातचा सुलतान महमूद बेगडा यानं दीर्घ वेढ्यानंतर 1484 साली घेतलं. गरब्यात वेढा नको, पदर हवा. वेढ्याला टाळी नाही. लिहू या:

पदर धरुन राव उभा, सोड सोड रे लोल
माग माग काय हवे, राजपाट रे लोल
माग माग काय हवे, सात पुत्र रे लोल

एक बाई म्हणते, मग सगळा फेर तीच ओळ म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बदलले ते दोनच शब्द, म्हणून पहिल्यांदा ऐकणारीलाही ओळ धरता येते. चार शब्द बदललेत की फेर गप्प होतो, नुसत्या टाळ्या उरतात. (ध्वनिवर्धक मोठा लावला तरी हेच होतं. मधल्या गरबीतल्या दिव्याभोवती सगळ्यांनी गायचं असतं, एकीचं ऐकायचं नसतं. मंडळांनी आवाज कमी करावा, असं मला मनापासून वाटतं.)

‘सात पुत्र’ मात्रांत चोख आहे, पण लय चढली की ‘त्र’वर जीभ अडते आणि पुढची टाळी उशिरा पडते. तिथे ‘सात लेक’ लिहा. जोडाक्षरं सुरुवातीच्या संथ ओळींत चालतात, शेवटाकडे नकोत. पुन्हा सांगते, टाळीवर शब्दाचं पहिलं अक्षर. चाल न लावता, चालत, टाळ्या वाजवत ओळ म्हणून बघा. टाळी शब्दाच्या मधोमध पडली तर शब्द बदला, टाळी नव्हे.

शापाची ओळ सर्वांत जलद लयीत येते: ‘राज तुझे बुडे आज, गडासहित रे लोल’. ती तीनदा घ्या आणि थांबा. त्या वेगानंतर नवं कडवं कुणालाच उचलता येत नाही. तिथूनच थेट आरती धरा.