कुंकवी साडी, हिरवी साडी आणि मधली नारिंगी कड
(जळगाव येथे छायाचित्रकारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. अमळनेरकडच्या एका कुटुंबातील मुलगा आपल्या आईचे छायाचित्र घेऊन माझ्याकडे आला होता. आईच्या अंगावर कुंकवी रेशमी साडी होती, तिला रुंद जरीचा काठ होता आणि अंगभर लहान बुट्ट्या होत्या. तो म्हणाला, "मायनी साडी हिरवी करी द्या, पन जरीले हात लावू नका." आज मी या एकाच छायाचित्राविषयी बोलणार आहे, कारण त्याच्या या एका वाक्यात कामाची सगळी अडचण सामावलेली आहे.

आधी कापडाकडे पाहू. केळीच्या पानावर ऊन पडते तेव्हा पान हिरवे दिसते, पण त्यावरची चकाकी पांढरी असते. पितळी हंड्यावर तेच ऊन पडले, तर चकाकीसुद्धा पिवळी दिसते. रेशीम पानासारखे वागते आणि जर हंड्यासारखी. रेशमाचा रंग धाग्याच्या आतून येतो, तर त्याची झळाळी वरच्या पृष्ठभागावरून येते आणि ती उजेडाच्या रंगाची असते. म्हणूनच लाल रेशमाचा झळाळणारा भाग फिकट गुलाबी दिसतो, कारण तेथे लाल रंगात पांढरा उजेड मिसळलेला असतो. जर धातूची असल्यामुळे तिची चमकही सोनेरीच असते, आणि निऱ्यांच्या खोबणीत ती शेजारच्या कापडाचा लाल रंग आरशासारखा परावर्तित करते.

आता नेहमीची चूक सांगतो. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation उघडून त्यात Colorize वर टिचकी मारली की साडीच्या प्रत्येक ठिपक्याला एकच छटा आणि एकच गडदपणा मिळतो. झळाळीतला पांढरेपणा त्यात हिरव्याने रंगून निघतो आणि रेशीम प्लास्टिकसारखे दिसू लागते. साडी धूपछाव विणीची असेल, म्हणजे ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असेल, तर निरीगणिक बदलणारी छटाही पुसली जाते. त्यामुळे साडीवर नवा रंग ओतायचा नसतो, तर आहे तो रंग चक्रावर फिरवायचा असतो. असा फिरवलेला फिकट गुलाबी रंग आपोआप फिकट हिरवा होतो आणि झळाळी झळाळीच राहते. काही जण Blend If वापरून उजळ भाग मूळ रंगातच राखून ठेवतात, पण मग हिरव्या साडीवर गुलाबी चकाकी उरते आणि ती पाहणाऱ्याच्या लगेच नजरेस येते.

आपल्या साडीची छटा रंगचक्रावर साधारण 355 अंशांवर होती, जर 45 च्या आसपास होती, आणि हवा असलेला गर्द हिरवा 150 च्या जवळपास येतो. म्हणजे लाल रंग 155 अंश फिरवायचा. हाच हिशेब सगळ्या साडीला लावला, तर जरीची छटा 200 वर जाऊन निळी होईल. म्हणून Master ऐवजी Reds निवडावे. तेथे पडद्याखाली चार आकडे दिसतात:

```
315° / 345°    15° \ 45°
```

मधल्या दोन आकड्यांमधील छटांवर बदल पूर्ण होतो, आणि बाहेरच्या आकड्यांकडे जाताना तो कमी कमी होत शून्यावर येतो. मी उजवीकडचे आकडे 10 आणि 40 केले, त्यामुळे 45 ची जर आपोआप वाचली. पण या उताराचे खरे काम बुट्टीच्या कडेला दिसते. तेथे एकाच ठिपक्यात अर्धा धागा जरीचा आणि अर्धा रेशमाचा असतो, म्हणून तो ठिपका नारिंगी, म्हणजे साधारण 25 अंशांचा असतो. काटेकोर मास्कने जर वगळली, तर हा ठिपका एक तर मूळचा नारिंगी राहून बुट्टीभोवती लालसर कड सोडतो, नाहीतर पूर्ण फिरून निळसर होतो. उतारावर मात्र तो निम्माच, सुमारे 78 अंश फिरतो आणि 103 वर येतो. सोनेरी 45 आणि हिरवा 150 यांची सरासरी 98 आहे, म्हणजे सोनेरी आणि हिरवे धागे खरोखर एकमेकांना लागून विणले असते तर जी पोपटी छटा दिसली असती, जवळपास तीच येथे मिळते. खोबणीतल्या लालसर जरीचेही असेच होते. ती शेवाळी होते, आणि हिरव्या कापडाशेजारची जर तशीच दिसायला हवी. मुलाने जरीला हात लावू नका म्हटले होते, तरी खोबणीतल्या जरीला इतका हात लावावाच लागतो, कारण तिच्यातला लालपणा जरीचा नसून जुन्या साडीचा असतो.

एक गोष्ट मात्र मास्कशिवाय होत नाही, ती म्हणजे त्वचा. आपल्याकडच्या माणसांची त्वचा 20 च्या आसपास येते, म्हणजे नेमकी त्या उतारावर. म्हणून साडीची बाहेरची कड पेन टूलने हाताने आखावी आणि एक पिक्सेल मऊ करावी. जरीचा नक्षीदार भाग आखत बसण्याचे कष्ट मात्र वाचतात.

पुढचा प्रश्न उजेडाचा आहे. आकड्यांत तेवढाच असलेला हिरवा डोळ्याला लालपेक्षा कितीतरी उजळ दिसतो. पडद्यावरच्या पांढऱ्या रंगात उजेडाचा सुमारे 72 टक्के वाटा हिरव्याचा, 21 टक्के लालचा आणि 7 टक्के निळ्याचा असतो. त्यामुळे लाल साडी नुसती फिरवली की भडक हिरवी होते आणि निऱ्यांच्या सावल्या उथळ पडतात. यासाठी त्या थराचे मिश्रण Normal वरून Color वर न्यावे, म्हणजे छटा नवी येते आणि उजेड खालच्या मूळ छायाचित्राचाच राहतो. मी त्यानंतर रंगाचा गडदपणा, म्हणजे Saturation, 25 ने उतरवला. पारख करण्यासाठी सर्वांत वर कृष्णधवल थर ठेवावा आणि खालचा बदल दाखवून-लपवून पाहावा. निऱ्या जराही हलल्यासारख्या वाटल्या नाहीत, तर काम बरोबर झाले आहे.

हे सगळे रॉ फाइलवरच करावे, असा माझा आग्रह आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या आणि मोबाइलच्या जेपीईजीमध्ये रंगाची माहिती दोन किंवा चार पिक्सेलना मिळून एकदाच साठवलेली असते. बारीक जरीचा सोनेरी रंग तेथे आधीच लालमध्ये सांडलेला असतो आणि तो कोणत्याही उताराने परत येत नाही. मांडवातल्या पिवळ्या दिव्याखालचे छायाचित्र असेल, तर पांढरा समतोल आधी नीट करावा. नाहीतर रेशमावरची पिवळसर झळाळी नारिंगी पट्ट्यात येऊन मध्येच पोपटी डाग पाडते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. केशरी साडीवर सोनेरी जर असेल, तर दोन्ही छटा इतक्या जवळ येतात की उताराला जागाच उरत नाही, आणि तेथे जर हातानेच आखावी लागते. कुंकवी साडी लिंबोणी करायची असेल, तर नुसती छटा पुरत नाही, उजेडही वाढवावा लागतो. तो वाढवताना सावली आणि उन्हाचे प्रमाण तेच राहिले पाहिजे. एखादी निरी उजेडापेक्षा चौपट काळी असेल, तर साडी उजळल्यावरही ती चौपटच काळी राहायला हवी. सगळीकडे सारखाच उजेड मिळवला, तर निऱ्यांवर धुके बसल्यासारखे दिसते. शिवाय वरची झळाळी त्या पटीने वाढवायची नसते. फिकट रेशमावर ती मुळातच कमी उठून दिसते.

शेवटचे काम साडीच्या बाहेरचे होते. लाल साडीचा रंग आईच्या हनुवटीखाली, कोपराच्या आतल्या बाजूला आणि पोलक्याच्या कडेला सांडला होता. मऊ ब्रश Color वर ठेवून, 15 टक्के जोराने, शेजारच्या स्वच्छ त्वचेचा रंग उचलून मी तेथे दोन-तीन हात फिरवले. मुलाने छायाचित्र खिडकीपाशी नेऊन पाहिले, आणि सर्वांत आधी त्याने पदरावरच्या बुट्ट्या मोजल्या.