बाल्टिमोरच्या दोन नळ्या

नमस्कार श्रोतेहो.

जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. या विषाणूंना फाज म्हणतात. फाज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि थोड्याच वेळात त्या एका जिवाणूतून शंभरेक नवे फाज बाहेर पडतात. मग जिवाणू आजवर टिकले कसे?

1953 मध्ये बर्टानी आणि वायगल यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. ई. कोलाय जिवाणूच्या एका वाणात वाढलेले फाज दुसऱ्या वाणावर सोडले, तर साधारण 10,000 मधला एखादाच तगतो. पण त्या तगलेल्याची पिल्लं त्याच वाणात बिनधास्त वाढतात. त्यांना पहिल्या वाणातून एकदा फिरवून आणलं, की पुन्हा पहिल्यासारखीच दाणादाण! म्हणजे हा बदल आनुवंशिक नव्हे. फाजवर यजमानाची खूण बसते, एवढंच.

1962 मध्ये जिनिव्हात वेर्नर आर्बर आणि डेझी दुसुआ यांनी दाखवलं, की खूण नसलेल्या फाजचा डीएनए आत शिरल्यावर जिवाणू त्याचे तुकडे करतो. 1968 मध्ये मेसेलसन आणि युआन यांनी तुकडे करणारं एक विकर वेगळंही काढलं. पण ते ओळखायचं एका जागी आणि तोडायचं लांब कुठेतरी, वाटेल तिथे. नेमकं काम करायला ते कुचकामी.

आता मला आवडणारी गोष्ट सांगतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॅमिल्टन स्मिथ हिमोफिलस इन्फ्लुएन्झी नावाच्या जिवाणूवर काम करत होते. हा जिवाणू बाहेरचा डीएनए आत ओढून घेतो. स्मिथ आणि त्यांचा विद्यार्थी केंट विलकॉक्स यांनी त्याला पी-22 या फाजचा किरणोत्सर्गी डीएनए दिला. डीएनए आत गेला खरा, पण परत शोधायला जावं तर अखंड सापडेचना. मेसेलसनचा अहवाल नुकताच वाचलेला होता, त्यामुळे दोघांच्या मनात लगेच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन व्हिस्कोमीटर मांडले. व्हिस्कोमीटर म्हणजे काचेची बारीक नळी. द्रव तिच्यातून खाली यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजायचं. गुलाबजामचा पाक आणि साधं पाणी ओतताना जो फरक दिसतो, तोच इथे मोजायचा. डीएनएचे धागे लांब असतील तर द्रव दाट असतो. धागे तुटले की तो पातळ होतो आणि भराभर उतरतो.

एका नळीत फाजचा डीएनए, दुसरीत जिवाणूचा स्वतःचा. दोन्हींत त्याच जिवाणूच्या पेशींचा अर्क घातला आणि मोजायला बसले. फाजच्या नळीतला दाटपणा उतरत चालला. जिवाणूच्या नळीतला जागचा हलेना. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. परक्याचा डीएनए तुटत होता, स्वतःचा शाबूत होता. लक्षात घ्या, अर्क एकच होता. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून दाखवणारं जेल नाही, संगणक नाही. काच, घड्याळ आणि लक्ष. (हल्ली यंत्राच्या पडद्यावरचा आकडा आला की वहीत उतरवून मोकळे होतात. द्रव डोळ्यांनी उतरताना पाहण्याची मजाच गेली.)

1970 मध्ये हे छापून आलं. या विकराला पुढे हिंड-टू हे नाव मिळालं. ते डीएनएवर सहा अक्षरं शोधतं: जी, टी, मग टी किंवा सी, मग ए किंवा जी, आणि शेवटी ए, सी. बरोबर मधोमध तोडतं. अशी जागा सरासरी हजारेक अक्षरांत एकदा येते. जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही ती अर्थातच येते, पण तिथे त्याचं दुसरं विकर 'ए' या अक्षरावर मिथाइल गट चिकटवून ठेवतं. मिथाइल असेल तर तोडायचं नाही, नसेल तर तोडायचं. क्वचित मिथाइल लावणारं विकर परक्या डीएनएवर आधी पोचतं आणि फाज सुटतो. 10,000 मधला तो एखादा हाच.

1971 मध्ये त्याच विद्यापीठात डॅनियल नेथन्स आणि कॅथलीन डॅना यांनी एसव्ही-40 विषाणूच्या डीएनएचे याच जिवाणूच्या विकरांनी 11 तुकडे पाडले. 1973 मध्ये कॅलिफोर्नियात बॉयर आणि कोहेन यांनी ई. कोलायमधून मिळालेलं इको-आर-वन वापरलं. ते तिरकं तोडतं, टोकं लोंबती राहतात आणि एकमेकांशी जुळतात. जनुक प्लास्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएमध्ये, जोडणं त्यामुळे सोपं झालं. 1978 चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना मिळालं. दुसुआबाई आणि विलकॉक्स यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत, विचारून बघा.

प्रयोगशाळेतल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. एक्सबीए-वन हे विकर टी-सी-टी-ए-जी-ए ही अक्षरं ओळखतं. पण पुढे टी-सी आलं, की आत जी-ए-टी-सी तयार होतं. नेहमीच्या ई. कोलायचं डॅम नावाचं विकर तिथल्या 'ए'वर मिथाइल लावतं, आणि तोड होत नाही. जेलवर न तोडलेल्या प्लास्मिडसारखेच पट्टे दिसतात, आणि दोष विकराच्या बाटलीला दिला जातो. दुसऱ्या विकराने तोच प्लास्मिड नीट तुटत असेल तर बाटली बदलू नका. डॅम नसलेल्या वाणात प्लास्मिड पुन्हा वाढवा, तोड होईल. नमस्कार.