बादली उघडायच्या आधी

(बाल्कनीचा कोपरा. दोन विटांवर ठेवलेली २० लिटरची पांढरी बादली, रंगाची असते ना तसली. झाकणावर मार्करने तारीख, १२ जून.)

हे झाकण आत्ता नाही उघडायचं. आज सप्टेंबरची ५ तारीख आहे, आणि आत काय झालंय ते दाखवणारच आहे, पण आधी आत काय काय गेलं ते बघा, नाहीतर शेवटी जे दिसेल त्याची किंमत कळणार नाही.

(बादलीची बाजू जवळून. छोटी छोटी भोकं.)

बाजूला आणि तळाला भोकं पाडलीत, हवा आत यायला आणि पाणी खाली जायला, खाली एक जुनी ताटली. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या. मग रोजचं जे निघतं ते, दुधीच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, पण साखर-दुधाचा चहा असेल तर चोथा धुऊन, नाहीतर मुंग्या लागतात. सगळं बोटाच्या पेराएवढं चिरून टाकायचं. एक वाटी ओला कचरा टाकला की वर दोन वाट्या सुका पाला चुरून, हे माप मी कधीच मोडत नाही. आणि सुरुवातीला मूठभर जुनं खत, दह्याला विरजण लावतो ना, तसंच. जुनं खत नसेल तर थोडं आंबट ताक शिंपडलं तरी चालतं, फक्त वेळ जरा जास्त लागतो.

(पालथी केलेली बादली, पेपरवर काळपट चिखल.)

कधीच मोडत नाही म्हणाले ते आत्ताचं, कारण नवव्या दिवशी ते मोडलं होतं. घरी आमरस झाला, साली, कोयी सगळं एकदम आत गेलं, आणि पाला संपलेला म्हणून म्हटलं उद्या टाकू. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास आणि ताटलीत तपकिरी पाणी. बरेच लोक इथेच बादली फेकून देतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण खत बिघडलेलं नसतं, त्याला श्वास घेता येत नसतो. पाण्याने सगळ्या फटी भरल्या की हवेवर जगणारे जीवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे वाढतात, वास त्यांचा. मी सगळं पेपरवर ओतलं, तासभर पसरून ठेवलं, भरपूर पाला आणि थोडा लाकडाचा भुसा कालवला, परत भरलं. दोन दिवसांत वास गेला.

(हाताची मूठ. बोटांच्या फटीतून एकच थेंब.)

तेव्हापासून ही मूठ बघते. मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला हवा, काहीच नाही आलं आणि भुगा सुटला तर थोडं पाणी शिंपडायचं.

जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, बऱ्याचदा त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, कचरा खातात, आपल्याला काही करत नाहीत. वर सुक्या पाल्याचा जाड थर असेल तर चिलटंही कमी होतात.

१० जुलैला बादली भरली. त्यानंतर नवीन काही टाकलं नाही, दर चार दिवसांनी काठीने खालचं वर केलं, एवढंच. पातळी स्वतःहून खाली खाली येत गेली.

(झाकणावर हात. थांबा. हळूच उघडतं.)

आता बघा.

आधी वास येतो, पहिल्या पावसाच्या मातीचा. खरंच तोच आहे, जिओस्मिन म्हणतात त्याला, मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जीवाणू तो बनवतात.

(चाळणी हलते. काळा, रवाळ चुरा परातीत पडतो. खूप हळू.)

गळ्यापर्यंत भरलेली बादली होती, आता तळाशी वीतभर उरलंय. साल ओळखू येत नाही, कोथिंबीर नाही, चहा नाही. हाताला गार लागतं, चिकटत नाही. चाळणीत राहिल्यात त्या कोयी आणि नारळाचे धागे, त्यांना अजून बराच वेळ हवाय.

थोडं ओलसर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवायचं, उघडल्यावर कुबट वास आला तर अजून पिकायचंय. कुंडीत नुसतं नाही भरायचं, तीन भाग मातीला एक भाग. आणि एवढ्याशा बादलीत मोठ्या ढिगासारखी उष्णता साठत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या बिया मरत नाहीत.

(जास्वंदीची कुंडी. खोडाशी दोन पानांचं इवलंसं रोप.)

मागच्या बादलीतल्या खतातून आलेलं हे, कोणीही न लावलेलं. चाळणीतल्या कोयी, धागे आणि मूठभर नवं खत आता या दुसऱ्या बादलीत चाललंय, विरजण म्हणून.